आधी विषय की आधी वर्षं?

ताईने पिशवी उलटी केली. ती कापड दुकानाची जाड प्लॅस्टिकची पिशवी होती, बंदाशी थोडी फाटलेली. सतरंजीवर कागद पसरले. बी.कॉम.ची गुणपत्रिका, पतसंस्थेचं अनुभवपत्र, बालवाडीच्या मुख्याध्यापिकेने वहीच्या पानावर लिहून दिलेलं शिफारसपत्र, बँकेकडून बचत गटाला आलेलं कर्जमंजुरीचं पत्र, टॅलीच्या कोर्सचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. "आता यातून तू काय ते कर," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

ताई म्हणजे माझी आत्येबहीण. वय शेहेचाळीस. गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठावर. तिला एका सामाजिक संस्थेत तालुका समन्वयकाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता, महिला बचत गटांना हिशेब आणि कर्जव्यवहार शिकवण्याच्या प्रकल्पात. मी पुण्यात बारा वर्षं कर्मचारी निवडीचं काम करते. अर्जांचे गठ्ठे वाचणं हा माझा रोजचा उद्योग आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचा बायोडाटा माझ्याकडे येतो. पण ताईच्या बायोडाटात मी एकदा चूक करून बसले होते. ही दुसरी खेप होती.

पहिल्या खेपेची गोष्ट वर्षभरापूर्वीची. जागा जवळपास अशीच होती, संस्था वेगळी. त्याआधी ताईने तालुक्याच्या डीटीपी सेंटरमधून एक बायोडाटा टाईप करून आणला होता. त्यात सगळ्यात वर जन्मतारीख आणि जात, मग शिक्षण, मग पतसंस्थेपासून सुरू झालेली नोकऱ्यांची ओळीने यादी. आणि अगदी तळाशी, 'छंद' आणि 'इतर माहिती' यांच्यामध्ये, एक ओळ होती: 'बचत गटाचे काम केले आहे.' पावणेसात वर्षांचं काम एका ओळीत. का, तर पगार नव्हता. पगार नाही म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे अनुभवात धरायचं नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. गावोगावच्या कितीतरी बायका हाच हिशेब करतात.

ते बघून मला वाईट वाटलं आणि मी सगळा कागद मोडून नव्याने बांधला. वर्षांचा क्रम काढून टाकला आणि कामाचे तीन विषय केले: महिला गटांबरोबरचं काम, हिशेब आणि नोंदी, लोकांच्या कागदपत्रांची मदत. प्रत्येक विषयाखाली तिने जे जे केलं ते लिहिलं. शेवटी नोकरीच्या ठिकाणांची नुसती नावं दिली, वर्षं न घालता. वर्षं घातली असती तर खंड दिसले असते. लग्नानंतरची चार वर्षं ती घरी होती, पुढे सासूबाईंच्या आजारपणात वर्षाहून जास्त काळ तिने काहीच केलं नव्हतं. ते झाकावं असं मला वाटलं. कागद देखणा झाला होता.

तिला मुलाखतीचं बोलावणंही आलं. समोर तिघं बसले होते. एका बाईंनी विचारलं, "गटांचं काम सध्या चालू आहे ना?" ताई म्हणाली, "नाही, २०१६ साली सोडलं." बाईंनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "पण इथे तर सगळ्यात वर लिहिलंय." मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न येऊ लागला, हे कधी केलंत, हे कुठे केलंत. ताईला सगळं आठवत होतं, पण अशा सरबत्तीची तिला सवय नव्हती. वर्षं मागेपुढे झाली. एकदा २०११ म्हणाली, मग २०१२ म्हणाली. संध्याकाळी एसटी स्टँडवरून तिने फोन केला. "त्यांना वाटलं मी खोटं बोलतेय," एवढंच म्हणाली.

तिने आयुष्यात कुणाचे दहा रुपये इकडचे तिकडे केलेले नाहीत. तिच्यावर खोटेपणाची शंका आली ती मी बांधलेल्या कागदामुळे, आणि हे मला फार लागलं. कारण त्या टेबलाच्या पलीकडे मीही बसते. वर्षं नसलेला बायोडाटा हातात आला की माझ्या मनात काय येतं हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी स्वतः लिहिताना मी ते विसरले.

वाचणारा काय करतो ते सांगते. जाहिरातीत एक अट असते, 'महिला गटांसोबत कामाचा किमान पाच वर्षांचा अनुभव'. दीडशे अर्ज आलेले असतात. पहिल्या चाळणीत मी पेन्सिल घेऊन बसते आणि प्रत्येक कागदावर दोन गोष्टी शोधते: माणूस आत्ता काय करतोय, आणि अटीतली पाच वर्षं कुठून भरतात. डाव्या कडेला वर्षं असतील तर बेरीज पटकन होते. वर्षंच नसतील तर बेरीज करता येत नाही, आणि बेरीज झाली नाही की अट पूर्ण झाली असं मी लिहू शकत नाही. मग तो कागद बाजूला पडतो. त्या माणसाने काम केलं नसेल असं त्यामागे काही नसतं. पण अनुभवी वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकतेच, कारण विषयवार मांडणी बहुतेक वेळा काहीतरी झाकण्यासाठी केलेली असते. मी स्वतः तीच झाकपाक केली होती.

तर दुसऱ्या खेपेला मी आधी काहीच टाईप केलं नाही. ताईच्या मुलीच्या जुन्या वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक काम, आणि त्याखाली सुरुवातीचा आणि शेवटचा महिना. महिना कागदावरून पडताळायचा, आठवणीवरून नाही. आठ चिठ्ठ्या झाल्या. पतसंस्थेत लिपिक, जुलै २००० ते एप्रिल २००४. मग घरी. बालवाडी, जून २००८ ते एप्रिल २०११. बचत गटाची सचिव, जून २००९ ते मार्च २०१६. कापड दुकानात अर्धा दिवस हिशेब, २०१२ ते २०१४. सासूबाईंचं आजारपण, एप्रिल २०१६ ते मे २०१७. खासगी रुग्णालयात बिलिंग काउंटर, जून २०१७ ते मार्च २०२१. आणि ऑगस्ट २०२१ पासून आजपर्यंत दूध संकलन केंद्राचा हिशेब. घरी असण्याच्या दोन्ही चिठ्ठ्याही मी मुद्दाम लिहायला लावल्या.

त्या सतरंजीवर उभ्या ओळीत लावल्या, सगळ्यात नवी वर. बायोडाटात काळाचा क्रम असाच उलटा चालतो. मग मी ताईला विचारलं, "तुला हवी ती नोकरी यातल्या कुठल्या चिठ्ठीच्या सगळ्यात जवळ आहे?" तिने बचत गटाच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. वरून चौथी, मधे दूध, दवाखाना आणि आजारपण.

निवड इथे ठरते. अनुभव किती तऱ्हेचा आहे यावर ती ठरत नाही. दहा ठिकाणी काम केलेल्या माणसालाही कालक्रम शोभतो, जर शेवटचं ठिकाण आणि पुढचं ठिकाण यांच्यात एका पायरीचं अंतर असेल. ताई जर दुसऱ्या दूध संघात हिशेबनीस म्हणून अर्ज करत असती, तर मी एकही विषय पाडला नसता. सध्याचं काम वर आहेच, खाली रुग्णालय, खाली दुकान, तळाशी पतसंस्था, सगळीकडे हिशेबच. वाचणाऱ्याची नजर वरून खाली घसरत गेली तरी त्याला हवं ते दर ओळीला सापडत गेलं असतं. पण ज्या कामासाठी जायचंय ते जर चौथ्या चिठ्ठीत दडलेलं असेल आणि त्याचे तुकडे आणखी दोन-तीन चिठ्ठ्यांत विखुरलेले असतील, तर निव्वळ कालक्रमात ते वाचणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. पहिलं पान दुधाच्या फॅटमध्ये संपून जातं.

मग चिठ्ठ्या विस्कटून विषयाप्रमाणे लावल्या. विषय आपल्या मनाने पाडायचे नाहीत, जाहिरातीतून उचलायचे. जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्या होत्या: गटांसोबत काम, हिशेब, आणि बँक किंवा शासकीय योजनांचा पाठपुरावा. आम्ही तीन कोरे कागद ठेवले आणि प्रत्येक चिठ्ठीला विचारलं, तुझ्यातलं काय कुठे जाईल? एक नियम मी स्वतःला घालून घेतला. एका विषयाखाली किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणची कामं आली नाहीत तर तो विषय नाही. ती एकच नोकरी वेगळ्या नावाने बसवलेली असते, आणि वाचणाऱ्याला ते दिसतं.

पहिल्या कागदावर बचत गट आलाच. दुसरं काय? ताई गप्प. मग मी बालवाडीचं शिफारसपत्र वाचलं. त्यात होतं, 'मातांच्या मासिक बैठका त्या नियमित घेत.' ताईला हे काम वाटलंच नव्हतं. दूध केंद्राबद्दल विचारत गेले तेव्हा आणखी एक निघालं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. पूर्वी ते घरातल्या पुरुषाच्या खात्यावर जाई. दूध घालायला बाई यायची आणि पैसे दुसऱ्याच्या नावावर. २०२२ साली ताईने सतरा बायकांची स्वतःची बँक खाती उघडून घेतली आणि बिलं त्यांच्या खात्यावर वळवली. कुणी सांगितलं नव्हतं, पगारही वाढला नाही. "त्यात काय एवढं," ती म्हणाली. पहिल्या विषयाला आता तीन ठिकाणं झाली होती, आणि मुख्य म्हणजे त्यातलं एक आजचं होतं. वर्षभरापूर्वीच्या मुलाखतीत 'गटांचं काम चालू आहे का' याला तिच्याकडे उत्तर होतं, फक्त आम्ही दोघींनी ते शोधलं नव्हतं. विषयवार मांडणीचा खरा उपयोग मला त्या दुपारी कळला. वर्षांच्या ओळीत जे काम पदाच्या नावाखाली झाकून जातं, ते विषयाचा प्रश्न विचारला की वर येतं.

दुसरा विषय सोपा होता. पतसंस्थेत रोजची पिग्मी जमा झाली की एजंटाची पावती आणि खातावणी जुळवणं, दुकानात टॅली, रुग्णालयात बिलं, दूध केंद्रात फॅट आणि एसएनएफवरून निघणाऱ्या दराचा हिशेब. तिसऱ्या विषयात गटांची बँक कर्जप्रकरणं आली, आणि रुग्णालयातलं एक काम. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांची रेशनकार्डं, ओळखपत्रं तपासून कागद पुरे करून घेणं तिच्याकडे असायचं. नाव एका अक्षराने चुकलेलं रेशनकार्ड घेऊन हवालदिल झालेल्या माणसाला कुठल्या कार्यालयात पाठवायचं हे तिला तोंडपाठ आहे.

आता कागदावर उतरवताना मागच्या वर्षीची चूक टाळायची होती. विषय ठेवायचे, पण त्यांना वर्षांपासून तोडायचं नाही. म्हणून दोन्ही ठेवलं. वर चार ओळींची ओळख, तिच्या खाली तीन विषय, आणि त्याखाली आठही चिठ्ठ्या उलट्या काळक्रमाने, प्रत्येकी एक-दोन ओळींत. विषयांतल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ठिकाण आणि वर्ष. ते नसेल तर ते वाक्य काढून टाकायचं, कितीही चांगलं असलं तरी.

मागच्या वर्षी मी लिहिलं होतं, 'महिलांना संघटित करण्याचा व आर्थिक नियोजनाचा दांडगा अनुभव.' असं वाक्य कुणीही लिहू शकतं. त्या जागी आता आलं: 'गावातील ११ बचत गटांच्या बैठक, रोकड आणि बचत-कर्ज वह्या दर महिन्याला तपासल्या; ४ गटांची बँक कर्जप्रकरणे मंजूर होईपर्यंत पाठपुरावा केला (बचत गट, २०१२ ते २०१६).' अकरा हा आकडा मी विचारला तेव्हा ताई आत गेली आणि ट्रंकेतून एक वही घेऊन आली. कव्हरला ब्राऊन पेपर, आत प्रत्येक गटाचं नाव, सभासद, तपासल्याची तारीख आणि सही. जिथे रक्कम जुळली नव्हती तिथे लाल पेनने गोल. एका पानावर फरक होता सात रुपयांचा, आणि खाली लिहिलं होतं, 'पुढील बैठकीत मिळाला, व्याज धरले नव्हते.' मी ते पान बराच वेळ बघत बसले.

वर्षांच्या बेरजेत एक खाच असते. गट २००९ ते २०१६, बालवाडी २००८ ते २०११. वेगवेगळी मोजली तर पावणेदहा वर्षं होतात. पण २००९ ते २०११ ही दोन वर्षं दोन्हीकडे आहेत. दोन कामं एकाच वेळी केली म्हणून वर्षं दोनदा मोजायची नाहीत. चाळणी करणारा ती एकदाच मोजतो, आणि दोनदा मोजलेली सापडली तर पुढच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही. आम्ही ओळखीत लिहिलं, 'महिला गटांच्या नोंदी व कर्जव्यवहाराचा पावणेसात वर्षांचा अनुभव (२००९ ते २०१६).' पाचाची अट त्यात आरामात बसते. कंस मुद्दाम तिथेच, पहिल्या चार ओळींत. म्हणजे हे काम जुनं आहे हे आम्हीच आधी सांगितलं, कुणाला शोधून काढावं लागलं नाही.

खंडांचं काय करायचं यावर ताई अडली. घरी बसले होते हे कशाला लिहायचं, तिचं म्हणणं. मी तिला पेन्सिलीची गोष्ट सांगितली. डाव्या कडेला २०१६ नंतर एकदम २०१७ दिसलं की पेन्सिल तिथे थांबते आणि वाचणारा स्वतः काहीतरी कल्पना करतो. ती कल्पना बहुधा वस्तुस्थितीपेक्षा वाईट असते. 'एप्रिल २०१६ ते मे २०१७: कुटुंबातील आजारी व्यक्तीची पूर्णवेळ देखभाल.' एवढी एक ओळ पुरते. कुणाचा आजार, कसला आजार हे सांगायची गरज नाही. लग्नानंतरची चार वर्षंही तशीच, एका ओळीत. लिहून झाल्यावर तिने ती ओळ दोनदा वाचली. "पूर्णवेळ," ती म्हणाली. "हो, पूर्णवेळच होतं."

या दुहेरी मांडणीची किंमतही आहे. तीच गोष्ट दोनदा येते, एकदा विषयात आणि एकदा वर्षात, आणि कागद बघता बघता तीन-चार पानांचा होतो. म्हणून विषयात काम सविस्तर आणि खालच्या यादीत फक्त पद, ठिकाण, महिने. दोन पानांच्या पुढे जायचं नाही. विषय तीनच. चौथा पाडावासा वाटला की समजायचं, आपण जाहिरात सोडून आपलं आयुष्य सांगायला लागलो. आणि काही अर्जांना हे सगळं गैरलागू असतं. सरकारी भरतीच्या फॉर्मला रकाने ठरलेले असतात, अनुभव 'पासून-पर्यंत' आणि प्रमाणपत्र जोडून. तिथे विषय मांडायला जागाच नाही. प्राध्यापकाच्या, डॉक्टरच्या, बँकेतल्या जागेलाही लोक वर्षांचीच अपेक्षा करतात, आणि पायरीपायरीने वर गेलेल्या माणसाने विषय पाडले तर त्याची चढण उलट झाकली जाते.

एक बारीक गोष्ट, कारण तिने घात होताना मी पाहिला आहे. डीटीपी सेंटरमध्ये अजून जुन्या फाँटमध्ये मराठी टाईप करून देतात. फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की सगळी अक्षरं इंग्रजी चिन्हांचा कचरा होऊन दिसतात. मराठी अर्ज युनिकोडमध्येच टाईप करायचा, पीडीएफ करायची, आणि पाठवण्याआधी दुसऱ्याच कुणाच्या फोनवर उघडून बघायची. आणि पानाचे दोन उभे रकाने पाडायचे नाहीत. दिसायला छान दिसतं, पण अर्ज संगणकाने वाचून घेणाऱ्या ठिकाणी डावी-उजवी ओळ एकमेकांत मिसळते आणि पदासमोर भलतंच वर्ष जाऊन बसतं.

संध्याकाळ होत आली होती. कागद पुन्हा पिशवीत भरताना सतरंजीखाली एक घडी सापडली. रेघी कागद, पाण्याने शाई पसरलेली. मी उघडला. नावं, घरातली माणसं, आणि पुढे 'तांदूळ', 'ब्लँकेट', 'औषध' असे रकाने. ऑगस्ट २०१९, महापुराचे दिवस. ताईचं घर पाण्यात होतं. ती मुलीला घेऊन उंचावरच्या शाळेत गेली होती आणि तिथे आलेल्या मदतीची वाटणी कुणीतरी लिहून ठेवायला हवी म्हणून तिने वही मागून घेतली होती. एकशे बारा कुटुंबं. कुणाला काय मिळालं, कुणाला राहिलं.

"हे कशात बसतं?" तिने विचारलं.

मी तिन्ही विषय बघितले. गट नव्हे, हिशेबाची नोकरी नव्हे, शासनाची योजना नव्हे. वर्षांच्या यादीत बघितलं तर त्या महिन्यात ती रुग्णालयाची कर्मचारी होती. दोन्ही मांडण्यांत त्या कागदाला जागा नव्हती. काढून टाकावा असं हात म्हणत होता, दोन पानं भरली होती. मग मी दूध केंद्राच्या ओळीतला एक शब्द कमी केला, कापड दुकानाची ओळ आखूड केली, आणि कालक्रमात, रुग्णालयाच्या खाली, थोडं आत सरकवून एक ओळ बसवली: 'ऑगस्ट २०१९, महापूर: शाळेतील निवारा केंद्रात ११२ कुटुंबांच्या मदतवाटपाची नोंद.'

ताईने वाचलं आणि एकशे बारा हा आकडा पुन्हा एकदा कागदावरून मोजला. बोट ठेवत ठेवत, पुटपुटत. एकशे अकरा भरले. तिने पुन्हा वरून सुरुवात केली. एका ओळीत शाई पसरून दोन नावं एक झाली होती. ती सापडली तेव्हा तिने पेन मागितला आणि दोन्ही नावं कडेला नीट लिहून काढली.